पुतळा, पाच नावे आणि जानेवारीतले दोन दिवस: नवी मुंबईतील एका गावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका मूळ गावाचे आहे. गावाचे, मंडळाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ऐतिहासिक घटना, त्यांच्या तारखा आणि शासकीय नियम मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत. मी या गावचा नाही. शाळेत इतिहास शिकवणारा आणि स्थानिक इतिहासाची कागदपत्रे जमवणारा म्हणून ग्रामस्थ मंडळाने मला बैठकांना बोलावले होते.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची शेते, मिठागरे आणि खाजणे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. मोबदल्याच्या दराबद्दलची नाराजी दहा-बारा वर्षे साचत गेली, आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न आल्यावर ती उफाळली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनात १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पागोटे परिसरात पुन्हा गोळीबार झाला, त्यात तिघे गेले, आणि त्या तिघांपैकी दोघे बाप-लेक होते. या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्ताला परत देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले. आज नवी मुंबईच्या गावांलगत ज्या असंख्य इमारती दिसतात, त्यांतील पुष्कळशा या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत.

उरण तालुक्यात या पाच हुतात्म्यांना दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला अभिवादन होते. तेथे हा दिवस कुणी ठरवून द्यावा लागला नाही, कारण ती माणसे त्याच गावांतली होती आणि त्यांच्या घरात त्या तारखा तशाही पाळल्या जात होत्या. आमच्या प्रकरणातले गाव खाडीच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्यात आहे. त्या गावातून काही बायका-पुरुष आंदोलनाला गेले होते, काहींनी लाठ्या खाल्ल्या, पण तेथला कुणी गोळीबारात गेला नाही. त्यामुळे १९८४ ची आठवण या गावात दोनच वाटांनी टिकली: म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदांतून. भूखंड विकले गेले, म्हातारी माणसे एकेक करून गेली, आणि दोन्ही वाटा बुजत चालल्या.

मग २०१३ मध्ये २४ जून रोजी दि. बां.चे निधन झाले आणि आठवणीला एक नवी तारीख मिळाली. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव द्यावे या मागणीसाठी १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा गेला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने त्यांच्या नावाचा ठराव केला. या गावातील आज तिशीच्या आत असलेल्या मुलांनी ज्या आंदोलनात स्वतः भाग घेतला, ते हे जूनमधले आंदोलन होय. १९८४ शी त्यांचा पहिला संबंध जून महिन्यातून आला, जानेवारीतून नव्हे. सारे प्रकरण समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

अडचण

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ चा. जन्मशताब्दी दोन वर्षांवर आली तेव्हा मंडळातील तरुणांनी गावाच्या तोंडाशी, मुख्य रस्त्याच्या वळणावर त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. गावातल्याच एका बांधकाम व्यावसायिकाने खर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी दाखवली. बैठकीत कुणाचाही विरोध नव्हता आणि प्रस्ताव त्याच दिवशी मंजूर झाला असता.

तो थांबला एका शिक्षिकेमुळे. गावच्या शाळेत त्या नववीला शिकवतात. पुतळ्याची चर्चा चालू आहे हे ऐकून त्यांनी मुलांना एक साधा प्रश्न लिहायला दिला होता, की १९८४ मध्ये आपल्या भागात काय घडले. उत्तरपत्रिका त्यांनी बैठकीत आणल्या. बहुतेक मुलांना दि. बां.चे नाव ठाऊक होते आणि त्यांनी जमिनी परत मिळवून दिल्या एवढेही ठाऊक होते. गोळीबारात गेलेल्यांपैकी एकाचेही नाव कुणाला लिहिता आले नाही. काही मुलांनी तर लिहिले होते की आंदोलनात दि. बां.ना गोळी लागली आणि ते शहीद झाले. ते त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगले, आमदार-खासदार म्हणून काम केलेले हे नेते वृद्धापकाळी वारले, हे त्या मुलांच्या मनात कुठेच नव्हते.

ही चूक मुलांच्या आळसातून आलेली नव्हती. त्यांना एक फोटो दिसत होता, त्या फोटोला हार घातला जातो हे दिसत होते, आणि कानावर गोळीबार, हुतात्मे हे शब्द पडत होते. या तिन्ही गोष्टी जोडून त्यांनी तर्काने एक घटना तयार केली. सामूहिक स्मृती अशीच बनते. जे समोर दिसते त्याच्याभोवती ऐकलेले सगळे गोळा होते, आणि जे कुठेच दिसत नाही ते गळून पडते. त्यामुळे बैठकीसमोरचा प्रश्न बदलला. पुतळा उभारायचा की नाही हा प्रश्न राहिला नाही. पुतळा उभारला तर पुढच्या पिढीला १९८४ म्हणून काय आठवेल, असा तो झाला.

विचारात घेतलेले पर्याय

पूर्णाकृती पुतळ्याच्या बाजूचे मत हलके नव्हते. एका तरुण कार्यकर्त्याने ते नेमके मांडले: "दादा, दगडावरची नावे वाचायला कोण थांबतो? पुतळा असला तर रिक्षावालासुद्धा पत्ता सांगताना त्याचे नाव घेतो." यात तथ्य आहे. चौकातला पुतळा रोजच्या बोलण्यात शिरतो, थांब्याचे नाव होतो, मोर्चा तेथून निघतो आणि निवडणुकीचा उमेदवार अर्ज भरण्याआधी तेथे हार घालतो. ज्या समाजाला आपल्याच जमिनीवर आपण उपरे झालो असे वाटत आले, त्याला शहराच्या रस्त्यावर आपला माणूस दिसावा असे वाटणे अगदी रास्त आहे.

पण पुतळा एका माणसाचा असतो. दोन दिवस, दोन ठिकाणे, पाच मृत्यू आणि हजारो माणसे असलेली घटना त्यात मावत नाही, म्हणून तो त्या घटनेचे एका व्यक्तीच्या कर्तृत्वात रूपांतर करतो. पुतळ्याखाली माहितीचा फलक लावला तरी फारसा फरक पडत नाही, कारण माणसे आकृती पाहतात आणि पुढे जातात. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. पुतळा उंच चबुतऱ्यावर उभा असतो, त्याचा चेहरा शांत असतो आणि त्याच्याकडे पाहताना लढा जिंकलेला वाटतो. १९८४ मध्ये मात्र जानेवारीच्या त्या संध्याकाळी काहीही जिंकलेले नव्हते. पुढच्या यशाची सावली मागच्या घटनेवर पडते आणि त्या दिवशीची अनिश्चितता, भीती आणि राग पुसला जातो.

बैठकीतल्या एका आजींनी याच मुद्द्यावर पहिल्यांदा तोंड उघडले. त्या आंदोलनाला गेलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच: "नावा लिवा आदी. पुतला मंग." मग कुणीतरी विचारले की नावे कोणती, आणि बैठकीतल्या ज्येष्ठांनाही पाचही नावे सलग सांगता आली नाहीत.

दुसरा पर्याय नावांच्या शिळेचा होता. तिसरा पर्याय कोणतीही वास्तू न उभारता दरवर्षीचा कार्यक्रम सुरू करण्याचा. त्यात पुन्हा तारखेचा वाद निघाला, आणि त्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. चार तारखा पुढे आल्या: १३ जानेवारी हा जन्मदिवस, १६-१७ जानेवारी हे गोळीबाराचे दिवस, २४ जून हा स्मृतिदिन, आणि गर्दी हमखास जमते म्हणून २६ जानेवारी.

२६ जानेवारीचा प्रस्ताव व्यवहारी होता. त्या दिवशी सुट्टी असते, शाळेत झेंडावंदन असते, गाव गणवेशात आणि स्वच्छ कपड्यांत आधीच जमलेले असते. झेंडावंदन झाले की लगेच पाच हुतात्म्यांना अभिवादन, असा तो विचार होता. त्याला माझा विरोध होता आणि तो मी बैठकीत मांडला. गोळीबार पोलिसांनी केला होता. राष्ट्रध्वजाच्या कार्यक्रमाला जोडलेले अभिवादन हळूहळू देशासाठी बलिदान या साच्यात बसते, आणि शेतकरी कुणासमोर उभे होते हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. तारीख ही आठवणीची चौकट असते, आणि चौकट परकी असली की आत काहीही ठेवले तरी ते परके दिसते.

सुट्टीचा मुद्दाही येथेच निघाला. काही सदस्यांना १६ जानेवारीला स्थानिक सुट्टी मिळावी यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे असे वाटत होते. सुट्टीने स्मृतीचे काय होते हे पाहण्यासाठी आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राचे उदाहरण हाताशी आहे. १ मे ही राज्यभर सार्वजनिक सुट्टी आहे. २१ नोव्हेंबर, म्हणजे १९५५ मध्ये मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला तो दिवस, सुट्टीचा नाही. त्या दिवशी हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येते. परिणाम असा, की महाराष्ट्र कधी मिळाला हे शाळकरी पोराला ठाऊक असते, पण तो मिळण्याआधी काय झाले याचा त्याच्याकडे फक्त एक आकडा असतो. तो आकडाही १०५ चाच ठरून गेला. हुतात्म्यांच्या यादीत नंतर भर पडली, तरी बोलण्यात १०५ हेच राहिले. सुट्टीचा दिवस बहुधा निष्पत्तीला मिळतो, किंमत मोजल्याच्या दिवसाला मिळत नाही. शिवाय १ मे हाच कामगार दिन आहे आणि गुजरातचाही स्थापनादिन आहे. एका तारखेवर अनेक अर्थ चढले की प्रत्येक जण आपल्याला हवा तो घेतो आणि बाकीचे विसरतो.

स्थानिक सुट्टीला आणखी एक साधी अडचण होती. ज्या गावांतली माणसे गेली ती रायगड जिल्ह्यात, आणि आमचे गाव ठाणे जिल्ह्यात. स्थानिक सुट्टी जिल्ह्यापुरती असते. एकाच घटनेसाठी खाडीच्या एका बाजूला सुट्टी आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी स्थिती झाली असती. निवेदन देण्याचा विचार येथेच मागे पडला.

घेतलेले निर्णय आणि कृती

पुतळ्याबाबतचा निर्णय पुष्कळसा नियमांनीच घेतला. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि रस्त्याकडेच्या जागा यांवर नवे पुतळे किंवा वास्तू उभारण्यास परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. गावाच्या तोंडाशी असलेले वळण त्यातच मोडत होते. राज्य शासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुतळ्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव, जागेच्या मालकीचे कागद, कायदा व सुव्यवस्थेबाबत पोलिसांचा अभिप्राय, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि देखभालीची हमी एवढे सगळे लागते, आणि त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा २ किलोमीटरच्या आत नसावा अशीही अट आहे. शेजारच्या गावातही शताब्दीनिमित्त पुतळ्याची हालचाल सुरू आहे हे चौकशीत कळले. दोन्ही गावांतले अंतर २ किलोमीटरपेक्षा कमी आहे. आता ज्याचा अर्ज आधी त्याचा पुतळा, अशी शर्यत लागण्याची चिन्हे दिसू लागली.

हा खरा निर्णयाचा क्षण होता. मंडळापुढे दोन वाटा होत्या: धावपळ करून शेजाऱ्यांच्या आधी अर्ज करायचा, किंवा पुतळा त्यांच्यावर सोडून आपण दुसरे काही करायचे. तिसऱ्या बैठकीत मंडळाच्या अध्यक्षांनी शेजारच्या गावच्या मंडळीशी बोलून घेतले आणि दुसरी वाट निवडली. पुतळा त्यांचा आणि हुतात्म्यांच्या नावांची शिळा आपली, असे ठरले. देणगीदार नाराज झाले. त्यांची देणगी पुतळ्यासाठी होती आणि शिळेवर देणगीदाराचे नाव कोरायचे नाही हे मंडळाने स्पष्ट सांगितले होते. त्यांनी हात आखडता घेतला. शिळेला पुतळ्याच्या तुलनेत फारच थोडा खर्च येतो, म्हणून हे निभावले. घरटी वर्गणी काढली गेली, आणि माझ्या मते ते अधिक चांगले झाले, कारण वर्गणी मागायला दारात गेलेल्या पोरांना प्रत्येक घरी १९८४ ची गोष्ट ऐकूनच परत यावे लागत होते.

जागा निवडताना पहिली पसंती देवळाच्या आवाराला होती. ती गावाची, वादाबाहेरची आणि राखायला सोपी जागा. पण गावाभोवतीच्या इमारतींत राहणारी माणसे देवळात क्वचित येतात, आणि ही आठवण फक्त गावकऱ्यांनी गावकऱ्यांना सांगायची असेल तर शिळेची गरजही नाही, असा मुद्दा शिक्षिकेने मांडला. गावच्या तळ्याकाठी मंडळाच्या नावावर असलेला एक छोटा तुकडा शेवटी ठरला. तळ्याभोवती सकाळ-संध्याकाळ चालायला येणाऱ्यांत निम्मी माणसे सोसायट्यांतली असतात. जागा खाजगी मालकीची असल्याने रस्त्याचा प्रश्न नव्हता, तरी बांधकामापूर्वी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाला लेखी कळवले गेले.

मजकुरावर दोन बैठका गेल्या. पहिला मसुदा असा होता: "प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यात हुतात्मा झालेल्या वीरांना विनम्र अभिवादन." वाक्य शोभिवंत आहे आणि त्यात माहिती काहीच नाही. कुठे, कधी, कोण, कशामुळे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते कोणत्याही गावात कोणत्याही लढ्यासाठी लावता आले असते. दुसऱ्या मसुद्यात घटना, तारखा आणि गोळीबार पोलिसांचा होता हे आले, तेव्हा एका सदस्याने हरकत घेतली. गावातील काही मुले पोलीस दलात आहेत, त्यांना अवघड वाटेल, हे त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते. त्यावर तोडगा असा निघाला की कोरीव मजकुरात फक्त घडलेले लिहावे, विशेषण एकही वापरू नये. "पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू" एवढेच, "अमानुष" किंवा "निर्दयी" असे काही नाही. कर्ता गाळला नाही आणि निवाडाही दिला नाही. आदल्या रात्रीपर्यंत नाराज असलेल्या सदस्याने हे मान्य केले.

नावांचा क्रम तारखेप्रमाणे ठेवला: आधी १६ जानेवारीचे दोघे, मग १७ जानेवारीचे तिघे, प्रत्येकापुढे गाव. बाप-लेकांची नावे लागोपाठ ठेवली आणि नाते लिहिले. हे एक नाते शिळेवर जेवढे बोलते तेवढे बाकी सारा मजकूर बोलत नाही, असा माझा अनुभव पुढे झाला. वाचणारा तेथे थांबतो.

मग गावातल्याच जखमींचा प्रश्न आला. काही घरांनी आपल्या वडिलांचे किंवा आईचे नाव शिळेवर यावे असा आग्रह धरला. कुणाकडे दवाखान्याचा कागद होता, कुणाकडे अटकेचा, कुणाकडे फक्त सांगी. मंडळाने येथे दगड आणि कागद यांत फरक केला. दगडावर एकदा चुकीचे नाव गेले की ते काढताना भांडण होते आणि न काढले तर तेच खरे ठरते. म्हणून दगडावर फक्त ज्यांच्याबद्दल कसलाही संशय नाही ती पाच नावे. त्याच्या शेजारी काचेआडचा छापील फलक, जो बदलता येतो. त्यावर गावातून गेलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, नावानिशी, "यांनी असे सांगितले" अशा स्वरूपात. पुरावा असलेल्या आणि नसलेल्या गोष्टी वेगळ्या दिसतील अशी मांडणी केली. सोसायट्यांतल्या वाचकांसाठी फलकाच्या खाली भूखंडांचा एक साधा नकाशा आणि साडेबारा टक्क्यांचा अर्थ तीन ओळींत दिला: आपण राहता ती इमारत ज्या भूखंडावर आहे तो या गावाला कसा मिळाला.

तारीख १६ आणि १७ जानेवारी हीच ठेवली, रविवारवर ढकलली नाही. कामाच्या दिवशी माणसे कमी येतील हे धरूनच कार्यक्रम सकाळी सात वाजता, कामावर जाण्याआधी, अर्ध्या तासाचा ठेवला. भाषणे नाहीत. दोन दिवस मिळून पाच नावे गावातली पाच माणसे वाचतात, आणि एक आठवण त्या माणसाकडून किंवा तो नसल्यास त्याच्या घरच्याकडून सांगितली जाते. २४ जूनचा कार्यक्रम तरुणांनी आपल्या पद्धतीने चालू ठेवला. तो बंद करावा असे कुणीही म्हटले नाही.

निष्पत्ती

शिळा शताब्दीच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीत बसली. पहिल्या कार्यक्रमाला अपेक्षेपेक्षा जास्त माणसे आली, त्यात उरणहून आलेले काही नातेवाईकही होते. शाळेने त्याच महिन्यात नववीच्या नव्या वर्गाला तोच प्रश्न दिला. दि. बां.ना गोळी लागली असे या वेळी कुणी लिहिले नाही, आणि बाप-लेकांचा उल्लेख अनेकांनी केला. हा वर्ग कार्यक्रमाला नेलेला होता, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. आठवण टिकली का हे तीन-चार वर्षांनी, कार्यक्रमाला न नेलेल्या वर्गाला विचारल्यावरच कळेल.

दुसऱ्या वर्षी चित्र बदलले. जन्मशताब्दीचा सोहळा १३ जानेवारी २०२६ ला सर्वत्र मोठा झाला, गावातली पोरे त्यात दमली, आणि तीन दिवसांनी शिळेपाशी मोजकीच मंडळी होती. जन्मदिवस आणि गोळीबाराचे दिवस एकाच आठवड्यात येतात याचा धोका आधी कुणाच्या नीट लक्षात आला नव्हता. उत्साह, वर्गणी आणि सभागृहाचे आरक्षण पहिल्या कार्यक्रमात संपते. येत्या काळात जानेवारीचा हा आठवडाच एक सोहळा म्हणून साजरा करावा, असा सूर त्यातून निघाला आहे. तसे झाले तर १६ आणि १७ पुन्हा १३ च्या पोटात जातील, आणि पुतळा न उभारताही नेमके तेच होईल जे टाळण्यासाठी शिळा बसवली होती.

एक अनपेक्षित चांगले घडले. नकाशा पाहून सोसायट्यांतली माणसे गावात येऊन विचारू लागली, की आमची इमारत कुणाच्या शेतावर आहे. काहींनी आपल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर तो नकाशा लावला. शेजारच्या गावाच्या पुतळ्याचे काम मातीच्या नमुन्याच्या मान्यतेपाशी आहे.

वेगळे काय करता आले असते

पाच कुटुंबांशी संपर्क मजकूर ठरल्यावर झाला. तो आधी व्हायला हवा होता. एका घराने नावाच्या लेखनात दुरुस्ती सुचवली आणि ती कोरण्याच्या आदल्या आठवड्यात कशीबशी बसवली गेली. ज्या गावात मृत्यू झाले नाहीत ते गाव मृतांची नावे कोरत असेल, तर त्या नावांवर पहिला हक्क घरच्यांचा असतो, आणि त्यांची लेखी संमती हे पहिले काम असायला हवे.

दुसरे असे की आठवणी गोळा करताना मुख्यतः पुरुषांशी बोलणे झाले. बैठका रात्री होत्या आणि आजींसारख्या एकदोघी सोडल्या तर बायका त्यात नव्हत्या. आंदोलनात मात्र बायका मोठ्या संख्येने होत्या. परिणामी फलकाच्या पहिल्या आवृत्तीत जमीन, दर आणि लाठी याबद्दल पुष्कळ आहे, पण त्या दोन दिवसांत घरी भात कोणी रांधला, पोरे कुणाकडे ठेवली आणि फरार झालेल्यांना जेवण कसे पोचवले याबद्दल जवळजवळ काही नाही. फलक छापील असल्याने हे सुधारता येते. दुसऱ्या आवृत्तीसाठी शिक्षिका दुपारच्या वेळी घरोघरी जाऊन बायकांच्या आठवणी टिपून घेत आहेत.

देणगीदाराशी आधी स्पष्ट बोलणे झाले असते तर दुरावा टळला असता, पण तो मुद्दा किरकोळ आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे काम राहिले आहे ते फलकाच्या मालकीचे. बदलता येणारा फलक कुणीही बदलू शकतो. उद्या मंडळाची निवडणूक झाली, नवे पदाधिकारी आले आणि त्यांनी आठवणींच्या जागी स्वतःचे अभिनंदनाचे फलक लावले तर रोखणारे काही नाही. आम्ही सुचवले आहे की फलकाच्या मजकुराचे अधिकार मंडळाच्या घटनेत वेगळ्या कलमाने शाळेच्या मुख्याध्यापकांसह तिघांच्या समितीकडे द्यावेत, प्रत्येक आवृत्तीची प्रत शाळेच्या वाचनालयात जपावी आणि आधीच्या आवृत्तीतले काय गाळले हे नव्या आवृत्तीत लिहावे. मंडळाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घेतला आहे.